वाफ दाखवायची कशी? सहावीच्या एका पाठाचे टाचण

सहावीचा वर्ग, ३६ मुले आणि ४० मिनिटांचा एक तास. विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी ‘पदार्थाच्या अवस्था’ या पाठाचे टाचण लिहिले आणि तासाच्या आठवडाभर आधी मला वाचायला दिले. टाचण नीटनेटके होते. एका चंचुपात्रात २०० ग्रॅम बर्फ घ्यायचा, तिवईवर जाळी ठेवून खाली स्पिरिटचा दिवा लावायचा, बर्फाचे पाणी आणि पाण्याची वाफ होताना मुलांनी पाहायची, मग फळ्यावर स्थायू, द्रव, वायू असा तीन रकान्यांचा तक्ता भरायचा. शेवटची पाच मिनिटे प्रश्नोत्तरांना.

यात चुकीचे असे काही नव्हते. अडचण दोन ठिकाणी होती. पहिली वेळेची. दुसरी अधिक खोल होती: टाचणात ‘वाफ होताना पाहणे’ असे लिहिले होते, आणि नेमकी तीच गोष्ट कुणालाच पाहता येत नाही.

आधी वेळेचा हिशेब

बर्फ वितळवणे, ते पाणी उकळीपर्यंत तापवणे आणि ते सगळे पाणी उकळून संपवणे ही तीन कामे आपण एका दमात बोलतो, पण त्यांना लागणारी उष्णता सारखी नसते. ० अंश सेल्सिअसचा १ ग्रॅम बर्फ नुसता वितळायला सुमारे ३३४ ज्यूल लागतात. ते १ ग्रॅम पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ४१८, आणि १०० अंशांच्या पाण्याची वाफ करायला जवळपास २,२६० ज्यूल. आकडे लक्षात ठेवायची गरज नाही. गुणोत्तर ठेवावे: ४ : ५ : २७.

हेच गुणोत्तर घेऊन आम्ही टाचणावर बसलो. बाईंनी घरी करून पाहिले तेव्हा त्यांच्या दिव्यावर २०० ग्रॅम बर्फ वितळायला दहा मिनिटांच्या आसपास लागले होते. म्हणजे त्यानंतर उकळी फुटायला निदान साडेबारा मिनिटे. प्रत्यक्षात जास्तच लागतात, कारण पाणी जसे तापते तशी त्यातली उष्णता भोवतालच्या हवेत अधिक जाते. हजेरी, मांडणी आणि सूचना यांची सात-आठ मिनिटे धरली तर उकळी फुटेपर्यंत तास संपत आलेला. पाठातला सगळ्यात अवघड भाग, म्हणजे वाफ, घंटा वाजताना समोर येणार आणि मुलांच्या हाती पांढरा धूर लागणार.

सोपा उपाय म्हणजे बर्फ वेगळा दाखवायचा आणि उकळते पाणी दुसऱ्या भांड्यात तयार ठेवायचे. बाईंना तो पटला नाही, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. बर्फ एका भांड्यात आणि उकळते पाणी दुसऱ्यात असेल तर ‘पदार्थ तोच, अवस्था वेगळी’ हे मुलांनी मानायचे ते केवळ बाई सांगतात म्हणून. तेव्हा वस्तू एकच ठेवून तास दोन करायचे ठरले. पहिल्या दिवशी बर्फ वितळेल, त्याचे पाणी नाव लिहून झाकून ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलेच पाणी मुलांदेखत शंकुपात्रात ओतून उकळायचे. बर्फ २०० ग्रॅमऐवजी १०० ग्रॅम. कमी पाण्याला उकळी लवकर येते आणि पात्रात पातळी घटलेली चटकन दिसते.

मुलांच्या डोक्यात आधीच काय असते

टाचण बदलण्याआधी बाईंनी वर्गात दोनच प्रश्न चिठ्ठीवर विचारले. उकळत्या पाण्यातले मोठे बुडबुडे कशाचे असतात? आणि उकळून कमी झालेले पाणी कुठे जाते?

पहिल्याचे उत्तर बहुतेकांनी ‘हवेचे’ असे दिले. काहींनी ‘उष्णतेचे’ लिहिले. शिकवणीला जाणाऱ्या दोघातिघांनी ‘ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे’ असे लिहिले, आणि ही उत्तरे सर्वांत शास्त्रीय दिसत असली तरी तितकीच चुकीची आहेत. पाणी उकळताना त्याचे रेणू एकमेकांपासून सुटतात. रेणू स्वतः फुटत नाहीत. या समजुती आपल्या वर्गापुरत्या नाहीत. रॉजर ऑस्बोर्न आणि मार्क कॉसग्रोव्ह यांनी न्यूझीलंडमधल्या मुलांशी बोलून १९८३ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यातही हीच उत्तरे भेटतात: हवा, उष्णता, ऑक्सिजन-हायड्रोजन.

दुसऱ्या प्रश्नाला ‘हवेत जाते’ हे उत्तर सरसकट आले. ऐकायला ते बरोबर वाटते. पण बाईंनी चार-पाच जणांना बाजूला घेऊन ‘हवेत जाते म्हणजे काय होते?’ असे विचारले, तेव्हा निम्म्यांनी सांगितले, ‘पाण्याची हवा होते.’ पाठाचे खरे काम इथे होते. वाफ म्हणजे पाणीच, हवा नव्हे, आणि ती पुन्हा पाणी म्हणून हाती येते, एवढे एक वाक्य मुलांना स्वतःच्या पुराव्याने बोलता आले तर दोन तास सार्थकी लागले असे आम्ही ठरवले. बाष्पीभवन, संघनन, द्रवणांक, उत्कलनांक हे शब्द त्यामागून येतील. तक्ता तर शेवटी.

पहिला दिवस: बर्फ आणि वजन

पहिल्या तासाला दोनच गोष्टी ठेवल्या, वजन आणि तापमान.

वजनासाठी झिपची जाड पिशवी घेतली, त्यात बर्फ भरला, हवा शक्य तेवढी काढून पिशवी बंद केली आणि १ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर ठेवली. वितळवण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा: पाणी झाल्यावर वजन वाढेल, घटेल की तेच राहील? ‘स्थायू जड असतो’ म्हणून घटेल म्हणणारे बरेच निघाले. मग पिशवी कोमट पाण्याच्या भांड्यात बुडवली. पाच मिनिटांत बर्फ गेला, पिशवी पुसून पुन्हा काट्यावर ठेवली, आकडा तोच.

यातला पुसण्याचा भाग टाचणात मुद्दाम ठळक लिहिला होता. कोमट पाण्यातून काढलेली पिशवी ओलीच असते, आणि पिशवी हवेतच वितळू दिली तरी तिच्यावर बाहेरून दव जमते. हवा दमट असेल तर ते दव एखाद-दुसरा ग्रॅमही भरू शकते आणि ‘वजन वाढले’ असा निकाल येतो. तसा निकाल आला तर तो झटकून टाकू नये. पिशवी पुसून परत वजन करावे आणि बाहेरचे पाणी आले कुठून, हा प्रश्न दुसऱ्या दिवसासाठी राखावा. या वर्गात एका गटाचे वजन तसे वाढलेच, आणि तो प्रश्न बाईंना आयता मिळाला.

तापमानासाठी बर्फ दुसऱ्या चंचुपात्रात घेतला. इथे तीन बारकावे आहेत, आणि ते सांभाळले नाहीत तर उपकरण नीट असूनही आकडे भलतेच येतात. पहिला, फ्रीझरमधून काढलेला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो. तो बाहेर ठेवून पृष्ठभाग ओला होऊ द्यावा आणि मगच वाचन सुरू करावे. दुसरा, बर्फ फोडून बारीक करावा आणि त्यात थोडे थंड पाणी घालावे, म्हणजे तापमापकाचा फुगा बर्फाच्या दोन खड्यांमधल्या हवेत लटकत राहणार नाही. तिसरा, वाचनाआधी दर वेळी काचकांडीने ढवळावे. ढवळले नाही तर तळाशी ३–४ अंशांचे पाणी आणि वर तरंगणारा शून्याचा बर्फ असे थर होतात, आणि फुगा ज्या थरात असेल त्याचे तापमान दिसते. ढवळायला तापमापक वापरू नये. फुग्याची काच पातळ असते आणि मुले नेमकी तेच करतात.

दिवा मंद ठेवून दर मिनिटाला वाचन घेतले. शून्य, शून्य, शून्य, एक, शून्य. चौथ्या वाचनाला मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, तापमापक बिघडलाय!’ बाईंनी तापमापक कोमट पाण्यात बुडवला, पारा चढला. परत बर्फात घातला, पारा शून्यावर. तापमापक ठीक होता. दिवा पेटलेला आहे, उष्णता जाते आहे आणि पारा मात्र हलत नाही.

इथे अप्रकट उष्मा हा शब्द आणायचा मोह कुणालाही होईल. मी तो टाचणातून काढायला लावला. उच्च प्राथमिकच्या मुलाने ‘उष्णता दिली तरी बर्फ असेपर्यंत तापमान वाढत नाही’ एवढे स्वतःच्या आलेखावरून म्हणावे आणि ‘मग ती उष्णता जाते कुठे?’ असे विचारावे, हे पुरेसे आहे. जोसेफ ब्लॅकने १७६०च्या दशकात ग्लासगोमध्ये या प्रश्नावर काम केले. त्याच्याही आधी लोकांनी बर्फ वितळताना पाहिलाच होता, पण थोडीशी उष्णता मिळताच सगळा बर्फ एकदम पाणी होऊन का वाहत नाही, हे कुणाला खटकले नव्हते. मुलांना हे खटकले म्हणजे काम झाले. शब्द पुढच्या इयत्तेत मिळेल.

तासाच्या शेवटी वितळलेले पाणी एका बाटलीत भरून तिच्यावर चिठ्ठी लावली: ‘सहावीचा बर्फ’. हे किरकोळ वाटेल, पण दुसऱ्या दिवशी तीच बाटली सगळ्यांसमोर उघडली गेली.

दुसरा दिवस: न दिसणारी जागा

शंकुपात्रात बाटलीतले पाणी ओतले आणि तळाशी फुटक्या कुंडीचे दोन-तीन खडे टाकले. गुळगुळीत काचेत पाणी कधीकधी शांत राहते आणि मग एकदम उसळते. खड्यांच्या छिद्रांमुळे बुडबुडे सुटायला जागा मिळते आणि उकळी संथ राहते. पात्राला बूच लावले नाही, नळीही नाही. बंद पात्रात पाणी उकळणे आणि नळी तुंबणे हा वर्गात होणारा सर्वांत धोकादायक प्रकार आहे, आणि या पाठाला त्याची मुळीच गरज नाही. उघड्या तोंडाच्या शंकुपात्राने सगळे दाखवता येते.

तापताना तीन टप्पे बघायला लावले. पहिल्यांदा, पाणी नुसते गरम असताना, काचेला चिकटलेले बारीक बुडबुडे दिसतात. ही खरोखर हवाच असते, पाण्यात विरघळलेली. गरम पाण्यात ती कमी विरघळते म्हणून बाहेर पडते. पुढे तळाशी मोठे बुडबुडे सुटतात, वर निघतात आणि वाटेतच नाहीसे होतात. त्याच वेळी पात्र गुणगुणू लागते. शेवटी बुडबुडे थेट वरपर्यंत येऊन फुटतात, ती उकळी.

मधला टप्पा सोन्यासारखा आहे आणि बहुतेक टाचणांतून तो निसटतो. ‘बुडबुडे हवेचे असतात’ म्हणणाऱ्या मुलाला इथे विचारता येते: हवेचा बुडबुडा पाण्यात वाटेतच नाहीसा होतो का? नळीने पाण्यात फुंकर मारून दाखवली की प्रत्येक बुडबुडा वर येताना दिसतो. मग हा का येत नाही? या वर्गात बराच वेळ कुणी बोलले नाही. मग एक मुलगी म्हणाली, ‘वरचं पाणी अजून थंड आहे, तो परत पाणी झाला.’ बाईंनी तिला तेच वाक्य पुन्हा मोठ्याने म्हणायला सांगितले आणि फळ्यावर तिच्याच शब्दांत लिहिले. आमच्या टाचणात संघननाची व्याख्या होती, ती इथे वाचून दाखवायची गरज उरली नाही.

एक शंका मात्र त्यावर आलीच: पाण्यात भरपूर हवा विरघळलेली असेल तर? त्यासाठी बाईंनी आदल्या दिवशी बराच वेळ उकळून झाकून गार केलेले पाणी दुसऱ्या चंचुपात्रात ठेवले होते. ते तापवले तर काचेला चिकटणारे बारीक बुडबुडे जवळजवळ दिसत नाहीत, मोठे मात्र तितकेच येतात. हवा आधीच निघून गेलेली आहे, तरी उकळी तशीच. वेळेअभावी हा प्रयोग फक्त पुढच्या दोन ओळींना जवळून पाहता आला. पुढच्या वेळी तो पाठाच्या सुरुवातीलाच दिव्यावर चढवावा.

आता वाफ. उकळी जोरात आली की शंकुपात्राच्या आत, पाण्याच्या वरची जागा कशी दिसते? पहिली काही मिनिटे धुरकट, कारण गळ्याची काच थंड असते आणि आतून थेंब जमतात. काच तापली की ती जागा स्वच्छ, पारदर्शक होते. पात्राच्या तोंडाबाहेरही लगेच काही दिसत नाही आणि थोड्या उंचीवर पांढरा ढग सुरू होतो. बाईंनी काळा कागद मागे धरला, ती मोकळी फट बोटाने दुरून दाखवली आणि विचारले, ‘वाफ कुठे आहे?’

सगळी बोटे ढगाकडे. ‘मग आत, पाण्यावर काय आहे?’ ‘काही नाही.’ ‘आणि मधल्या फटीत?’ ‘काही नाही.’ ‘मग ढग आला कुठून?’

ढग म्हणजे वाफ नव्हे. वाफ रंगहीन, पारदर्शक वायू आहे आणि ती पात्राच्या आत आणि त्या रिकाम्या वाटणाऱ्या फटीत आहे. बाहेरच्या थंड हवेत ती निवून पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात, तो ढग. म्हणजे मुले ज्याला तिसरी अवस्था म्हणून बोट दाखवतात तो पुन्हा द्रवच आहे. अनेक तक्त्यांत ‘वायू’ या शब्दाखाली किटलीतून निघणारा पांढरा झोत काढलेला असतो. तो तक्ता भिंतीवर असेल तर त्या दिवशी काढून ठेवावा किंवा, त्याहून बरे, मुलांनाच त्यातली चूक शोधायला सांगावी.

सुरक्षिततेची सूचनाही इथेच द्यायची असते आणि ती शिकवण्यापासून वेगळी नाही. हात भाजतो तो मुख्यतः त्या न दिसणाऱ्या फटीत. १०० अंशांची १ ग्रॅम वाफ त्वचेवर पाणी होऊन शरीराच्या तापमानाला येताना जितकी उष्णता देते, ती तितक्याच उकळत्या पाण्याच्या साधारण नऊ-दहा पट असते, कारण संघननाची सगळी उष्णता तिथे सुटते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी उकळण्याचे काम फक्त बाईंनी केले, चष्मा घालून. मुले टेबलापासून दीड मीटरवर आखलेल्या रेषेमागे. दिवा गरम असताना त्यात स्पिरिट ओतायचे नाही, हा नियम तर कुठल्याही प्रयोगाला लागू आहेच.

वाफ हे पाणीच आहे याचा शेवटचा पुरावा म्हणजे ती परत पाणी करून हाती घेणे. स्टीलच्या उथळ वाडग्यात बर्फ ठेवून वाडगा चिमट्याने तिरका धरून ढगाच्या वर आणायचा. अर्ध्या मिनिटात तळाशी थेंब जमतात, ओघळतात आणि खाली ठेवलेल्या बशीत पडतात. पण इथे एक ठरलेला आक्षेप येतो आणि या वर्गातही आला: ‘वाडग्यातलं पाणी झिरपलं असेल.’ थंड पेल्याच्या बाहेर जमणाऱ्या पाण्याबद्दलही मुले हेच सांगतात. त्यासाठी वाडग्यातल्या बर्फात लाल रंग टाकलेले पाणी घातले होते. बशीतले थेंब रंगहीन. झिरपले असते तर लाल आले असते. आदल्या दिवशी ज्या गटाची पिशवी जड भरली होती त्यातल्या एका मुलाने इथे हात वर केला: पिशवीबाहेरचे पाणी हवेतूनच आले असणार. पिशवी पूर्ण बंद होती, कोमट पाण्यातून काढल्यावर ती त्यांनी पुसलीही होती, आणि नंतर ती पुन्हा ओली झाली होती.

बशीतल्या थेंबांकडे बघत बाईंनी विचारले, ‘हे काय आहे?’ उत्तर आले, ‘सहावीचा बर्फ.’

९८ आला तर

उकळत्या पाण्यातले वाचन ९८ अंशांवर स्थिरावले. दोन मुलांनी वहीत ९८ खोडून १०० लिहिले, कारण पुस्तकात १०० आहे. बाईंनी खोडलेले आकडे परत लिहायला लावले. पाणी १०० अंशांना उकळते ते समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला. उंचावर दाब कमी असतो आणि दर ३०० मीटरला उत्कलनांक साधारण एक अंशाने उतरतो. शिवाय शाळेतले तापमापक एखाद-दुसऱ्या अंशाने चुकतात. तपासायचे असेल तर तोच तापमापक वितळत्या बर्फात काय दाखवतो ते आदल्या दिवसाच्या वाचनांवरून बघता येते. पाठाच्या दृष्टीने आकडा दुय्यम आहे. उकळी जोरात असो वा मंद, वाचन वाढत नाही, हे महत्त्वाचे. वर्गात मिळालेले वाचन पुस्तकाशी जुळवून घ्यायला मुले कुठे शिकतात, हे पाहायचे तर फार लांब जायला नको. आपण तपासलेल्या वह्यांतच ते दिसते.

कणांचे चित्र: पाणी इथे दगा देते

शेवटची पंधरा मिनिटे कणांच्या चित्रांसाठी होती. ठरलेले चित्र असे: स्थायूत कण खेटून, द्रवात थोडे लांब, वायूत खूप लांब. बहुतेक पदार्थांना ते चालते. पण आपण निवडलेल्या पदार्थाला चालत नाही. बर्फ पाण्यावर तरंगतो, म्हणजे तेवढ्याच वजनाचा बर्फ पाण्यापेक्षा अधिक जागा घेतो, जवळपास ९ टक्क्यांनी. बर्फात रेणू पोकळ्या असलेल्या जाळीत बसलेले असतात. वितळल्यावर ती जाळी मोडते आणि रेणू उलट जवळ येतात. पहिल्या दिवशी बर्फ तरंगताना पाहिलेल्या चौकस मुलाने ‘द्रवात कण लांब जातात मग बर्फ तरंगतो कसा?’ असे विचारले तर तक्ता कोसळतो.

म्हणून चित्रात स्थायू आणि द्रव यांच्यातला फरक अंतराने न दाखवता मांडणीने आणि हालचालीने दाखवायचे ठरवले. बर्फात प्रत्येक कण आपल्या जागी बांधलेला, जागच्या जागी थरथरणारा. पाण्यात शेजारी असलेले, पण जागा बदलत सरकणारे. दोन्हींत कण खेटूनच. अंतराचा मोठा फरक येतो तो वायूत, आणि तो नेहमीच्या चित्रात फारच कमी दाखवला जातो. १ ग्रॅम पाणी सुमारे १ मिलिलिटर जागा घेते. त्याची १०० अंशांची वाफ सुमारे १,७०० मिलिलिटर. घनफळ १,७०० पट म्हणजे दोन कणांमधले सरासरी अंतर १२ पटींच्या आसपास, कारण १२ × १२ × १२ म्हणजे १,७२८. पाण्यातले कण एकमेकांपासून १ सेंटिमीटरवर काढले असतील तर वाफेतले १२ सेंटिमीटरवर काढावे लागतील. वहीच्या पानावर दोन-तीन कण मावतात आणि पान रिकामे दिसते. मुलांनी तसे काढले, आणि ‘वाफ दिसत का नाही’ याचा थोडा अंदाज त्या रिकाम्या पानावरूनच आला. थोडाच, कारण न दिसण्यामागे आणखी कारणे आहेत. पण हवेच्या जागेत इतके विरळ कण असताना ढगासारखे काही दिसत नाही, आणि तेच कण लाखो-कोटींनी एकत्र येऊन थेंब झाला की दिसतो, हे या वयाला पुरते.

कण काढताना दोन चुका ठरलेल्या. काही मुले वाफेतला कण मोठा, फुगलेला काढतात, आणि काही जण वितळणाऱ्या बर्फातले कण ओघळणारे काढतात. उपाय सोपा: तिन्ही चित्रांत तोच नाण्याचा ठसा वापरायचा. नाणे बदलत नाही, फक्त कुठे आणि किती लांब ठेवायचे ते बदलते.

तपासणी आणि उरलेले

आठवड्याने तेच दोन प्रश्न पुन्हा चिठ्ठीवर विचारले आणि एक नवा जोडला: शंकुपात्राचे चित्र देऊन त्यात वाफ जिथे आहे तिथे फुली मारा. तिसऱ्या प्रश्नात बहुतेकांच्या फुल्या पात्राच्या आत आणि फटीत होत्या. ‘पाण्याची हवा होते’ हे उत्तर आता तुरळक उरले. बुडबुड्यांच्या प्रश्नात मात्र अजूनही काहींनी ‘हवा’ लिहिले. त्यांच्या वह्या पाहिल्यावर कळले की त्यांनी पहिल्या टप्प्यातले बारीक बुडबुडे आणि शेवटचे मोठे बुडबुडे एकच मानले होते. पुढच्या तुकडीसाठी टाचणात दोन प्रकारचे बुडबुडे वेगवेगळ्या रंगांनी काढायचे, असा बदल केला.

आणखी एक समजूत पाठानेच तयार केली. काही मुलांना वाटू लागले की पाणी वायू होते ते फक्त उकळल्यावर. ओल्या फडक्याने पाटी पुसून ठेवली की ती न तापवता कोरडी होते, हे त्यांनी हजारदा पाहिलेले असते, पण दोन्ही गोष्टी जोडल्या जात नाहीत. बाष्पीभवन कुठल्याही तापमानाला पाण्याच्या पृष्ठभागावरून होते आणि उकळताना ते पाण्याच्या आतूनही होते, हा फरक या दोन तासांत बसवायला गेलो असतो तर वाफेची फट हातची गेली असती. त्यासाठी बाईंनी तिसरा, छोटा तास लावला: दोन सारख्या बशा, दोन्हींत ‘सहावीचा बर्फ’ लिहिलेल्या बाटलीतले १० ग्रॅम पाणी, एक खिडकीत, एक कपाटात, आणि रोज सकाळी हजेरीआधी काट्यावर वजन.